१०५ अंशांवर वजन थांबत नाही तेव्हा: फळाच्या भुकटीच्या सुकवणी-घटीचे एक प्रकरण

फळाच्या रसात माल्टोडेक्स्ट्रिन मिसळून स्प्रे ड्रायरवर तयार केलेल्या भुकटीची एकच बॅच दोन प्रयोगशाळांनी तपासली. उत्पादकाच्या प्रयोगशाळेने साध्या ओव्हनमध्ये ७० अंश सेल्सिअसवर ३ तास सुकवून २.७ टक्के घट नोंदवली, तर खरेदीदाराच्या प्रयोगशाळेने १०५ अंशांवर ४ तास सुकवून ४.६ टक्के नोंदवली. करारातील मर्यादा ‘लॉस ऑन ड्राइंग ४.० टक्क्यांहून अधिक नसावा’ एवढीच होती. तापमान किती, वेळ किती, याचा त्यात उल्लेखच नव्हता. त्यामुळे तीच भुकटी एका कागदावर पास आणि दुसऱ्यावर नापास झाली. दोन्ही बाजूंचे तराजू कॅलिब्रेट केलेले होते, दोन्हीकडच्या जोडनमुन्यांचे आकडे एकमेकांशी चांगले जुळत होते आणि आपलेच बरोबर असे दोघांनाही प्रामाणिकपणे वाटत होते. (या लेखातील आकडे रीत स्पष्ट व्हावी म्हणून मांडलेले आहेत, त्यांतून दिसणारे वर्तन मात्र फ्रुक्टोजयुक्त भुकट्यांमध्ये नेहमी आढळणारे आहे.)

प्रश्न कोणाचा आकडा घ्यावा हा नव्हता. सुकवणी-घट हा पाण्याचा थेट मोजलेला आकडा नसतो. ठरावीक तापमानाला, ठरावीक वेळेत, नमुन्यातून जे काही उडून जाते त्याचे ते वजन असते. उडून गेलेल्या वजनात पाणी किती, आणि जायला हवे असूनही मागे राहिलेले पाणी किती, हे तराजू सांगत नाही. या प्रकरणात दोन्ही प्रयोगशाळा चुकल्या होत्या, आणि त्याही विरुद्ध दिशांना.

१०५ अंशांवर काय घडत होते

पहिले काम म्हणजे एका वेळेचा एकच आकडा सोडून संपूर्ण वक्र काढणे. सुकवून, थंड करून वजन केलेल्या दहा वेइंग बॉटल घेऊन प्रत्येकीत सुमारे २ ग्रॅम भुकटी ५ मिलिमीटरपेक्षा कमी जाडीच्या थरात पसरली आणि सर्व बॉटल एकाच वेळी १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवल्या. दर तासाला दोन बॉटल बाहेर काढून, झाकण लावून, डेसिकेटरमध्ये थंड करून त्यांचे वजन केले. तीच बॉटल पुन्हा पुन्हा बाहेर काढून परत ठेवण्यापेक्षा ही पद्धत मला अधिक पसंत आहे. ओलावा शोषणारी भुकटी प्रत्येक फेरीत थोडे पाणी परत घेते आणि त्यामुळे वक्राचा आकारच बिघडतो.

| वेळ (तास) | घट (टक्के, दोन बॉटलची सरासरी) |
|---|---|
| १ | ३.४० |
| २ | ३.९० |
| ३ | ४.२५ |
| ४ | ४.६० |
| ५ | ४.९५ |

पहिल्या तासात वजन झपाट्याने उतरते, दुसऱ्या तासानंतर मात्र दर तासाला ०.३५ टक्के अशी जवळजवळ सरळ रेषा दिसते आणि ती थांबण्याचे चिन्ह दाखवत नाही. औषधकोशांमध्ये स्थिर वजनाची जी व्याख्या सर्रास वापरली जाते, तिच्यानुसार आणखी एक तास सुकवल्यावर लागोपाठच्या दोन वजनांतील फरक नमुन्याच्या प्रत्येक ग्रॅममागे ०.५ मिलिग्रॅमपेक्षा, म्हणजे ०.०५ टक्क्यापेक्षा, जास्त नसावा. येथे तो फरक सातपट आहे. पाणी संपत आले असते तर रेषा हळूहळू आडवी झाली असती, कारण उरलेले पाणी जितके कमी तितका ते जाण्याचा वेग कमी. ठरावीक वेगाने चालूच राहणारी घट ही बहुतेक वेळा पदार्थ स्वतःच मोडत असल्याची खूण असते.

या भुकटीत मोडणारा मुख्य घटक फ्रुक्टोज. रसातील आम्लांच्या सान्निध्यात आणि उष्णतेत फ्रुक्टोजच्या एका रेणूतून पाण्याचे तीन रेणू बाहेर पडून हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल तयार होते. त्याच वेळी शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात तपकिरी रंग आणणाऱ्या अभिक्रियाही चालू असतात. येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. या विघटनातून बाहेर पडते ते बहुतांशी पाणीच असते, पण ते नमुन्यात ओलावा म्हणून कधी नव्हतेच; ओव्हनने ते तयार केले. म्हणून ओव्हनमधून निघालेल्या वाफेत केवळ पाणीच मोजणारे उपकरण लावले तरी हा दोष दूर होत नाही.

सरळ रेषेचा भाग मागे वाढवत शून्य वेळेपर्यंत नेला, तर पाचव्या तासाच्या ४.९५ मधून ०.३५ गुणिले ५, म्हणजे १.७५ वजा होऊन ३.२० उरतात. मूळ पाणी ३.२ टक्क्यांच्या आसपास असावे, असा हा पहिला अंदाज. तो अंदाजच मानावा. विघटनाचा वेग स्थिर असेल तरच ही रीत चालते, आणि तपकिरी होणाऱ्या पदार्थांमध्ये तो वेग काही तासांनी वाढू लागतो. तरीही पुढच्या प्रत्येक प्रयोगाला तुलनेसाठी काहीतरी हाती लागले, आणि तेही केवळ पाच वाचनांतून.

७० अंशांवरची फसवी स्थिरता

उत्पादकाच्या पद्धतीत उलटा प्रकार होता. ७० अंशांवर साध्या ओव्हनमध्ये वजन तीन तासांत २.७ टक्क्यांवर आले आणि पुढच्या तासात जेमतेम ०.०२ टक्क्याने बदलले. स्थिर वजनाची अट पूर्ण झाली, भुकटीचा रंगही बदलला नाही, आणि तेवढ्यावर पद्धत योग्य आहे असे गृहीत धरले गेले.

साध्या ओव्हनमधली हवा ही खोलीतलीच हवा असते, फक्त तापलेली. समजा खोलीचे तापमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्के आहे. तर त्या हवेतील पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे २२ मिलिमीटर पारा होतो. ७० अंशांवर संपृक्त बाष्पदाब सुमारे २३४ मिलिमीटर असल्यामुळे ओव्हनच्या आत सापेक्ष आर्द्रता साधारण साडेनऊ टक्के राहते. १०५ अंशांवर तीच हवा अडीच टक्क्यांपर्यंत कोरडी होते. साखरयुक्त भुकटी साडेनऊ टक्के आर्द्रतेशी समतोल साधून थोडे पाणी धरून ठेवते आणि कितीही वेळ ठेवली तरी ते सोडत नाही. वजन स्थिर झाले याचा अर्थ भुकटी कोरडी झाली असा नसून, तिचा आणि ओव्हनमधील हवेचा समतोल झाला एवढाच आहे. हा समतोल हवामानानुसार सरकतो: खोलीची आर्द्रता ४० टक्क्यांवर आली की ओव्हनमधली सुमारे साडेपाच टक्क्यांवर येते आणि त्याच बॅचची घट किंचित जास्त दिसते. एखाद्या पद्धतीचे निकाल ऋतूप्रमाणे बदलत असतील तर पहिला संशय यावरच घ्यावा.

दुसरे कारण भुकटीच्या दाण्यात आहे. स्प्रे ड्रायिंगने तयार झालेली साखर काचेसारख्या अस्फटिक अवस्थेत असते आणि फ्रुक्टोज तिचे मऊ होण्याचे तापमान खाली ओढते. थेट ७० अंशांवर ठेवल्यास दाणे एकमेकांना चिकटतात, थराच्या वर चिवट साय धरते आणि खालचे पाणी तिच्यातून फार सावकाश बाहेर पडते. बॉटल कलती करून पाहिल्यावर थर भुकटीसारखा सरकण्याऐवजी एकसंध चकतीसारखा निघाला. हे पाहायला कोणतेही उपकरण लागत नाही. पण सुकवून झाल्यावर नमुन्याकडे नीट बघण्याची सवय आश्चर्य वाटावे इतक्या ठिकाणी नसते.

पाण्याचा स्वतंत्र पुरावा

ओव्हनच्या दोन आकड्यांतील वाद तिसऱ्या ओव्हनने सुटत नाही. म्हणून त्याच बॅचचे पाणी कार्ल फिशर टायट्रेशनने मोजले. शर्करायुक्त भुकटी नुसत्या मिथेनॉलमध्ये पूर्ण विरघळत नाही आणि न विरघळलेल्या दाण्यातले पाणी मोजणीत येत नाही, म्हणून मिथेनॉलमध्ये फॉर्मामाइड मिसळून, पात्र कोमट ठेवून टायट्रेशन केले. उत्तर ३.३५ टक्के आले.

त्यात एक दुरुस्ती करावी लागली. या भुकटीत १.५ टक्के ॲस्कॉर्बिक आम्ल होते आणि ते कार्ल फिशर अभिकर्मकातील आयोडीन खाते. ॲस्कॉर्बिक आम्लाचा एक मोल आयोडीनचा एक मोल वापरतो, पाण्याचा एक मोलही तेवढाच वापरतो. म्हणून १७६ ग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल उपकरणाला १८ ग्रॅम पाण्यासारखे दिसते. १.५ टक्के आम्लाचे त्यामुळे सुमारे ०.१५ टक्के खोटे पाणी होते. ते वजा करून ३.२० टक्के उरले, आणि १०५ अंशांच्या सरळ रेषेवरून काढलेला अंदाजही तोच होता. दोन पूर्णपणे वेगळ्या मार्गांनी एकाच जागी पोहोचल्यामुळे त्या आकड्यावर आता विसंबता आले.

मग रोज कार्ल फिशरच का करू नये, असा प्रश्न येथे रास्त आहे. करता येते. पण दोन्ही पक्षांच्या करारात मापदंड सुकवणी-घटीचा होता, आणि ॲस्कॉर्बिक आम्लाचे प्रमाण बॅचनुसार बदलत असल्याने प्रत्येक वेळी तेही मोजावे लागले असते. म्हणून कार्ल फिशर हा पंच म्हणून ठेवला आणि ओव्हनची पद्धत त्याच्याशी जुळवून घेतली.

तापमान आणि वेळ कशी ठरवली

तापमान कमी केले की विघटन मंदावते, हे उघड आहे; पण पाणी बाहेर पडण्याची ओढही कमी होते. ही ओढ पुन्हा वाढवायची तर भुकटीभोवतालचा बाष्पदाब खाली आणावा लागतो. व्हॅक्यूम ओव्हनचा उपयोग येथे आहे. ५ मिलिमीटर पारा इतक्या दाबाखाली, सल्फ्युरिक आम्लातून किंवा कोरड्या कॅल्शियम सल्फेटमधून गाळलेल्या हवेचा अगदी बारीक प्रवाह सोडत राहिल्यास, ७० अंशांवरही आतली सापेक्ष आर्द्रता दोन टक्क्यांच्या खाली राहते. म्हणजे १०५ अंशांच्या साध्या ओव्हनइतका कोरडेपणा मिळतो आणि १०५ अंशांवरचे विघटन टळते.

थर चिकटू नये म्हणून भुकटी आम्लाने धुऊन भाजलेल्या बारीक वाळूत काचेच्या सळईने मिसळली. सळई पात्रातच ठेवून वजनात धरली. शिवाय पहिले दोन तास ५० अंशांवर ठेवून मगच ओव्हन ७० अंशांवर नेला. कमी तापमानाला वितळणाऱ्या पदार्थांसाठी औषधकोशात जे सांगितले जाते, म्हणजे आधी वितळबिंदूच्या ५ ते १० अंश खाली तासदोन तास ठेवावे आणि मग ठरलेल्या तापमानाला न्यावे, त्यामागचा विचारही हाच आहे. सुरुवातीचे पाणी निघून गेले की दाण्याचे मऊ होण्याचे तापमान वर सरकते आणि पुढची उष्णता तो सहन करतो.

अशा रीतीने ७० अंशांवर पोहोचल्यापासून मोजलेल्या वेळेनुसार घट अशी आली: २ तासांनी २.७५, ४ तासांनी ३.०८, ६ तासांनी ३.१८, ७ तासांनी ३.२० आणि १६ तासांनी ३.२७ टक्के. सहाव्या आणि सातव्या तासातील फरक ०.०२ टक्के, म्हणजे स्थिर वजनाच्या अटीत बसणारा. सातव्यापासून सोळाव्या तासापर्यंत ०.०७ टक्के वाढ झाली, तासाला ०.००८ टक्क्याच्या आतबाहेर. विघटन येथेही आहे, पण १०५ अंशांच्या मानाने चाळिसाव्या भागापेक्षाही कमी. ६० अंशांवर हीच मांडणी केल्यास १६ तासांनी ३.१७ टक्के मिळाले, मात्र ६ तासांनी केवळ २.९.

म्हणून ७० अंश, ५ मिलिमीटर पारा आणि ६ तास ही अट निवडली. ६० अंश आणि १६ तास हाही पर्याय चुकीचा नाही, आणि फ्रुक्टोजचे प्रमाण याहून बरेच जास्त असते तर मी तोच घेतला असता. पण व्हॅक्यूम पंप रात्रभर देखरेखीशिवाय चालवणे आणि मधेच दाब चढला तर ते सकाळपर्यंत न कळणे, हा धोका या नमुन्यासाठी पत्करण्याचे कारण नव्हते.

केवळ आकडा जुळला म्हणून थांबणे पुरेसे नव्हते, कारण थोडे पाणी मागे राहणे आणि थोडे विघटन होणे या दोन चुका एकमेकींना झाकून बरोबर दिसणारे उत्तर देऊ शकतात. म्हणून दोन चाचण्या केल्या. सुकवलेला नमुना पाण्यात विरघळवून, वाळू गाळून, २८४ नॅनोमीटरवर त्याचे शोषण न सुकवलेल्या भुकटीच्या तेवढ्याच संहतीच्या द्रावणाशी ताडून पाहिले. हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल याच तरंगलांबीवर शोषण दाखवते. ७० अंशांच्या नमुन्यात वाढ नगण्य होती, १०५ अंशांच्या नमुन्यात ती ठळक होती आणि द्रावण डोळ्यांनाही पिवळसर दिसत होते. दुसरी चाचणी म्हणजे २ ग्रॅम भुकटीत मायक्रोपिपेटने २० मिलिग्रॅम पाणी घालून, लगेच वाळूत मिसळून तीच पद्धत लावणे. घातलेले पाणी १.० टक्क्याइतके होते आणि घट जवळपास तेवढीच वाढली. मागे राहिलेले पाणी आणि नव्याने तयार झालेले पाणी, दोन्ही शंका यामुळे वेगवेगळ्या मिटल्या.

एका नमुन्याचा हिशोब

झाकण, वाळू आणि सळईसह सुकवलेल्या धातूच्या बशीचे वजन ४८.२१६४ ग्रॅम. भुकटीसह ५०.२३८८ ग्रॅम. सुकवून, थंड करून ५०.१७४३ ग्रॅम. भुकटी २.०२२४ ग्रॅम, घट ०.०६४५ ग्रॅम, घट भागिले भुकटी गुणिले १०० केल्यावर ३.१९ टक्के. अहवालात ३.२ टक्के लिहावे. दोन ग्रॅमच्या नमुन्यात एका मिलिग्रॅमची चूक ०.०५ टक्क्याची होते, तेव्हा दुसऱ्या दशांश स्थळाचा आव आणण्यात अर्थ नाही.

एवढ्या लहान घटीत हाताळणीच्या चुका पद्धतीच्या चुकांइतक्याच मोठ्या ठरतात. निर्वात ओव्हनमध्ये हवेचे वहन नसल्याने उष्णता जवळजवळ सगळी फळीतून बशीच्या तळाकडे येते. म्हणून बशी थेट फळीवर टेकली पाहिजे, खाली कागद किंवा जाळी असू नये, आणि तापमान दाराच्या थर्मामीटरवर न पाहता फळीवर ठेवलेल्या संवेदकावर पाहावे. दाब सोडताना कोरडी हवा सावकाश आत घ्यावी. घाईने सोडल्यास भुकटी उडते आणि उडालेली भुकटी ‘घट’ म्हणूनच मोजली जाते. बशी कोमट असताना वजन केल्यास तिच्याभोवती वर चढणारी हवा तिला हलकी दाखवते आणि घट जास्त येते. उलट, झाकण सैल राहिले किंवा डेसिकेटरमधील सिलिका जेलचा रंग उतरलेला असला तर कोरडी भुकटी पाणी परत घेते आणि घट कमी येते. प्रत्येक फेरीत भुकटीशिवाय वाळू आणि सळई असलेली एक बशी सोबत ठेवली. तिचे वजन काही दशांश मिलिग्रॅमपेक्षा अधिक बदलले की ती फेरी ग्राह्य धरायची नाही, असे ठरवले.

निकाल आणि त्याची मर्यादा

वादातील बॅच ३.२ टक्क्यांवर, म्हणजे मर्यादेच्या आत होती, आणि खरेदीदाराने ती स्वीकारली. पण याचा अर्थ उत्पादकाची पद्धत बरोबर ठरली असा नाही. अर्धा टक्का कमी दाखवणाऱ्या त्या पद्धतीत खरे पाणी ४.३ टक्के असलेली बॅच ३.८ दाखवून सहज पार झाली असती, आणि अशी भुकटी साठवणीत गोळे धरते. करारातील वाक्य त्यामुळे बदलले गेले: ‘सुकवणी-घट ४.० टक्क्यांहून अधिक नसावी; नमुना २ ग्रॅम, वाळूसह; ५० अंशांवर २ तास आणि त्यानंतर ७० अंशांवर ६ तास; दाब ५ मिलिमीटर पाऱ्यापेक्षा जास्त नाही; कोरड्या हवेच्या प्रवाहात’.

ही अट याच भुकटीपुरती आहे. स्फटिकजल असलेल्या पदार्थात प्रश्नच वेगळा असतो: लॅक्टोज मोनोहायड्रेटचे सुमारे ५ टक्के स्फटिकजल सांभाळून फक्त मोकळे पाणी मोजायचे असल्यास ८० अंशांवर २ तास सुकवतात. सोडियम बायकार्बोनेटला तर ओव्हनमध्ये घालूच नये. तापवल्यावर ते कार्बन डायऑक्साइड आणि पाणी सोडून कार्बोनेट होते आणि पूर्ण विघटनात त्याचे जवळपास ३७ टक्के वजन जाते, म्हणून ते खोलीच्या तापमानाला सिलिका जेलवर सुकवतात. ज्यात सुगंधी तेल किंवा उरलेले अल्कोहोल आहे, त्या अर्काच्या भुकटीत व्हॅक्यूममुळे तेही निघून जाते आणि कार्ल फिशरपेक्षा घट कायम जास्त येते. तेथे दोन आकडे जुळवण्याचा खटाटोप न करता दोन्ही वेगळे नोंदवावेत.

या भुकटीतही रसाचे आणि माल्टोडेक्स्ट्रिनचे प्रमाण बदलले, तर ६ तास पुरेसे आहेत असे धरून चालता येत नाही. अशा वेळी संपूर्ण वक्र पुन्हा काढण्याची गरज नसते. ६ आणि ७ तासांची वाचने, एका बशीचे २८४ नॅनोमीटरवरचे शोषण आणि ॲस्कॉर्बिक आम्लाची दुरुस्ती केलेले एक कार्ल फिशर, एवढ्यावर जुनी अट टिकते की नाही ते ठरवता येते.